आउटस्टेशन टॅक्सीची टॅगलाइन: चार ओळी आणि एका कोल्हापूर ट्रिपचं बिल

पाच-सहा गाड्या, त्यातल्या दोन-तीन स्वतःच्या आणि बाकी अटॅच, पुण्याहून कोल्हापूर, शिर्डी, महाबळेश्वर, कोकण अशा ट्रिपा: असा व्यवसाय चालवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. नवीन बोर्ड करायचा आहे, व्हिजिटिंग कार्ड छापायचं आहे, गाडीच्या डिकीवर पट्टी लावायची आहे आणि नावाखाली एक ओळ हवी आहे. सांगायच्या गोष्टी तीन आहेत. गाडी स्वच्छ असते, ड्रायव्हर नीट बोलतो आणि बिलात नंतर काही वाढत नाही. या तिन्हींतून साधारण चार प्रकारच्या ओळी निघतात:

स्वच्छ गाडी, नम्र चालक, चोख हिशोब.

छुपे चार्जेस नाहीत!

निघताना जो आकडा, पोहोचल्यावर तोच.

आधी हिशोब, मग प्रवास.

यातली कानाला कोणती गोड वाटते एवढ्यावर निवड करू नका. ओळ म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द आहे, आणि तो वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी पाळता येतो का, हे आधी पाहायला हवं. मे महिन्यातला शनिवार, दिवाळीची सुट्टी, गणपतीला कोकणात निघालेली गर्दी. त्या दिवशी स्वतःच्या सगळ्या गाड्या रस्त्यावर असतात, फोन थांबत नाही आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणवत नाही. मग ओळखीच्या कुणाची तरी बाहेरची गाडी पाठवली जाते. ती आतून कशी आहे, हे तुम्ही त्या सकाळी पाहिलेलं नसतं. तिचा ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवून आलाय की झोप काढून आलाय, हेही ठाऊक नसतं.

म्हणजे तीन शब्दांपैकी दोन त्या दिवशी दुसऱ्याच्या हातात असतात. तिसरा, बिलाचा, मात्र तेव्हाही तुमच्या ऑफिसात राहतो. गाडी कुणाचीही असो, गिऱ्हाइकाला आकडा तुम्ही सांगता आणि पैसे तुमच्या खात्यात येतात. पुढच्या सगळ्या तुलनेत मी याच गोष्टीला सर्वांत जास्त वजन देतो आहे.

तिन्ही एकत्र सांगणारी ओळ

"स्वच्छ गाडी, नम्र चालक, चोख हिशोब" ही बहुतेकांना आधी सुचते, कारण तिच्यात काही सुटलेलं नाही. म्हणायला सोपी, लय ठीक, बोर्डावर शोभते. अडचण अशी की तीन गोष्टी एका दमात सांगितल्या की वाचणाऱ्याच्या मनात एकही राहत नाही. शेजारच्या ट्रॅव्हल्सच्या बोर्डावर "सुरक्षित, आरामदायी, किफायतशीर" लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी आणखी तीन शब्द. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे सगळे बोर्ड एकच वाटतात.

दुसरी अडचण "नम्र चालक" या शब्दांची आहे. बोलताना कुणी असं म्हणत नाही. लोक म्हणतात, "ड्रायव्हर चांगला होता." आणि ते चांगला म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात वाकून केलेला नमस्कार नसतो. गाडी चालवताना फोनवर बोलला नाही, घाटात एसी बंद करायचा हट्ट धरला नाही, जेवायला त्याच्याच ठरलेल्या ढाब्यावर नेलं नाही, आजींची बॅग उचलून ठेवली, उतरताना "चहापाण्याचं बघा" म्हणाला नाही. नम्रता या पाच-सहा बारीक गोष्टींत असते. स्वच्छतेचंही तसंच. सीट कव्हर धुतलेलं असणं ठीकच आहे, पण खंबाटकी किंवा पसरणीच्या घाटात लहान मुलाला गाडी लागते, आणि उग्र वासाच्या एअर फ्रेशनरमुळे ती आणखी लागते. पावसाळ्यात पायाखालचं मॅट ओलं राहिलं तर कुबट वास बसतो आणि तो वास झाकायलाच फ्रेशनर वाढवला जातो. "स्वच्छ" या एका शब्दात हे काही येत नाही.

त्यामुळे स्वच्छता आणि वागणूक टॅगलाइनमधून काढा, असं माझं मत आहे. सोडून देऊ नका, फक्त त्यांची जागा बदला. आदल्या संध्याकाळी गाडीच्या आतले दोन फोटो, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव व्हॉट्सअॅपवर पाठवलं की स्वच्छतेबद्दल वेगळं बोलायची गरज राहत नाही. आणि ड्रायव्हरसाठी वरच्याच गोष्टी नेहमीच्या भाषेत लिहून कार्डाच्या मागे छापता येतात: "गाडी चालवताना फोन नाही. एसी तुम्ही सांगाल तेव्हा. जेवण तुम्ही म्हणाल तिथे." या तीन वाक्यांतून ड्रायव्हर कसा असेल ते समोर दिसतं. बाहेरची गाडी पाठवताना हेच कार्ड त्या ड्रायव्हरच्या हातात देता येतं, हा वेगळा फायदा.

"छुपे चार्जेस नाहीत!"

ही ओळ मुद्द्यावर आहे. गिऱ्हाइकाची खरी भीती ती बरोबर पकडते. तरी मी ती निवडणार नाही.

पहिलं कारण, ती नकारातून बोलते. वाचणाऱ्याच्या डोक्यात आधी "छुपे चार्जेस" येतात आणि त्यामागून तुमचं नाव. दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे. या ओळीच्या शेवटी हमखास एक छोटी चांदणी येते आणि खाली बारीक अक्षरात "टोल, पार्किंग, रात्रभत्ता वेगळा. अटी लागू." वर जे नाही म्हटलं, तेच खाली आहे म्हणून सांगितलं जातं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जून २०२२ मध्ये आलेल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या मार्गदर्शक सूचना नेमकं याच्यावर बोट ठेवतात. खालच्या टिपेने वरचा मुख्य दावा खोडून काढता येत नाही. टीप त्याच भाषेत आणि दाव्याच्याच अक्षरांत हवी, आणि सहज दिसेल अशा जागी. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी सूचना आल्या, त्यात 'ड्रिप प्रायसिंग' हा प्रकार नाव घेऊन सांगितला आहे. सुरुवातीला कमी किंमत दाखवायची आणि पुढे एकेक रक्कम टपकवत न्यायची, असा त्याचा अर्थ. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. सहा गाड्यांच्या व्यवसायावर उद्या कारवाई होईल म्हणून हे सांगत नाही. पण गिऱ्हाईक ग्राहक आयोगात गेलं तर तुमचाच बोर्ड तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून समोर ठेवला जाईल, एवढं लक्षात घ्या.

आता खरी चुरस: "तोच आकडा" की "आधी हिशोब"

उरलेल्या दोन्ही ओळी बिलाबद्दलच आहेत, पण त्यांनी दिलेला शब्द अगदी वेगळा आहे. "निघताना जो आकडा, पोहोचल्यावर तोच" म्हणजे रक्कम पक्की. "आधी हिशोब, मग प्रवास" म्हणजे रक्कम कशी होते ते आधी सांगणार, आणि ती बदलणार असेल तर तेही गाडी पुढे हलण्याआधी सांगणार. हा फरक कागदावर बारीक दिसतो. बिलात तो किती मोठा होतो ते एका ट्रिपवर पाहू.

कोथरूडचं एक कुटुंब आहे. शुक्रवारी रात्री नऊला निघायचं, रात्री उशिरा कोल्हापूर, शनिवारी अंबाबाई आणि जोतिबा, रविवारी सकाळी परत निघून दुपारी तीनपर्यंत घरी. हिशोबापुरता दर किलोमीटरला १४ रुपये धरू, दिवसाला किमान ३०० किलोमीटर, ड्रायव्हर भत्ता दिवसाला ४००, रात्री दहानंतर गाडी चालली तर ३०० वेगळे. टोल, पार्किंग आणि जीएसटी तूर्त बाजूला ठेवू.

गिऱ्हाईक घरी बसून काय हिशोब करतं? जाऊन येऊन साधारण ४७०, जोतिबा आणि गावातलं फिरणं मिळून ५०, म्हणजे ५२० किलोमीटर. गुणिले १४, झाले ७,२८०. त्याच्या मनात हाच आकडा पक्का असतो, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर तो बरोबरच आहे.

ऑफिसचा हिशोब वेगळा चालतो. गाडी हडपसरच्या गॅरेजमधून निघते आणि तिथेच परत येते, म्हणून जाता-येता ३० किलोमीटर वाढले. ते इथे किमान अंतरातच जिरतात, पण खरा फटका दिवसांचा आहे. बहुतेक ठिकाणी दिवस कॅलेंडरप्रमाणे मोजतात, म्हणजे रात्री बारा वाजले की नवा दिवस. शुक्रवारचे तीनच तास, तरी तो एक दिवस. शुक्र, शनि, रवि मिळून तीन दिवस, किमान ९०० किलोमीटर. गाडी फिरली ५५०, बिल ९०० चं: १२,६००. तीन दिवसांचा भत्ता १,२००. शुक्रवारच्या रात्रीचे ३००. एकूण १४,१००.

७,२८० आणि १४,१००. यात कुणी फसवलेलं नाही. प्रत्येक नियम दरपत्रकात कुठेतरी लिहिलेला आहे. पण रविवारी दुपारी सोसायटीच्या गेटपाशी हा आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाला ती लूटच वाटते, आणि तो पुन्हा फोन करत नाही. "अचानक वाढलेलं बिल" असं ज्याला म्हणतात, ते बहुतेक वेळा किमान किलोमीटर आणि दिवस मोजण्याची पद्धत या दोन नियमांतून जन्मतं. टोलवर भांडणं फार कमी होतात, कारण नाका डोळ्यांना दिसतो.

आता दोन्ही ओळी या ट्रिपवर लावून पाहा.

"तोच आकडा" म्हणणाऱ्याने बुकिंगच्या वेळीच १४,१०० अधिक टोल असा पक्का आकडा द्यायचा. दिला तर शब्द पाळला गेला. पण त्याला टोलही आधीच धरावा लागतो. या रस्त्यावर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे नाके आहेत. चोवीस तासांत परत आलं तर परतीच्या टोलमध्ये सवलत मिळते, मुक्काम वाढला तर ती जाते. त्यामुळे तो अंदाजाने थोडं जास्तच धरतो. मग शनिवारी जोतिबाहून उतरताना कुणीतरी म्हणतं, "इथवर आलोच आहोत तर नरसोबाच्या वाडीला जाऊन येऊ." जाऊन येऊन आणखी शंभरेक किलोमीटर. आकडा तर तोच ठेवायचा म्हणून बोर्डावर लिहिलंय. मालकाने सोसायचं, की ड्रायव्हरने नाही म्हणायचं? नाही म्हटलं की ड्रायव्हर उद्धट ठरतो. हो म्हणून नंतर पैसे मागितले की बोर्ड खोटा ठरतो.

"आधी हिशोब" म्हणणाऱ्याला हाच प्रसंग सोपा जातो, आणि त्याच्याही आधी बुकिंगच्या फोनवर त्याच्या हाती एक चांगली संधी असते. हिशोब आधी मांडला की शुक्रवारच्या तीन तासांना किती पैसे पडतात ते दोघांनाही समोर दिसतं. तो म्हणू शकतो, "काका, शुक्रवारी रात्रीऐवजी शनिवारी सकाळी सहाला निघा. दोनच दिवस धरले जातील. ८,४०० आणि भत्ता ८००, मिळून ९,२००. तुमचे ४,९०० वाचतात, दर्शन तसंही शनिवारीच आहे." त्या एका ट्रिपमधून मालकाला कमी पैसे मिळतात, हे खरं. पण तो शुक्रवारची रात्र दुसऱ्या भाड्याला मोकळी ठेवतो, ड्रायव्हर झोपून गाडीवर येतो आणि ते काका पुढची पाच वर्षं दुसऱ्या कुणाला फोन करत नाहीत. ज्या व्यवसायात हे फोन खरंच होतात, त्यालाच ही ओळ शोभते.

वाडीचं काय? दोन दिवसांच्या किमान ६०० पैकी ५५० आधीच धरलेले आहेत. शंभर वाढले की ६५०, म्हणजे ५० किलोमीटर जास्त, ७०० रुपये. ड्रायव्हर गाडी वळवण्याआधी ऑफिसला फोन करतो, ऑफिस गिऱ्हाइकाला मेसेज पाठवतं: "वाडी धरून ९,२०० चे ९,९०० होतील. जायचं का?" उत्तर हो आलं की गाडी वळते. यात ड्रायव्हरला पैशाबद्दल एक शब्दही बोलावा लागत नाही. ड्रायव्हर आणि गिऱ्हाईक यांच्यातली कुरबूर बहुधा पैशावरूनच सुरू होते, म्हणून हिशोब ऑफिसने हातात ठेवला की नम्रतेचं अर्धं काम आपोआप होतं. बाहेरची गाडी पाठवलेली असली तरी हेच लागू पडतं. अट एकच: ड्रायव्हरने रोख घ्यायचं नाही. सगळे पैसे ऑफिसच्या खात्यात, आणि टोलचा तपशील फास्टॅगच्या मेसेजवरून जसाच्या तसा. ड्रायव्हर रोख गोळा करत असेल तर चारपैकी कोणतीही ओळ लावा, ती टिकणार नाही.

वाचायला आणि ऐकायला

डिकीवरची पट्टी मागच्या गाडीतला माणूस टोल नाक्याच्या रांगेत किंवा कात्रजच्या बोगद्याआधीच्या गर्दीत वाचतो. तिथे चार शब्द वाचले जातात, सहा शब्दांची ओळ अर्धीच राहते. पूर्ण मागची काच भरून जाहिरात लावायचा मोह काहींना होतो, पण नियमाप्रमाणे मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, म्हणून डिकीचाच पत्रा वापरा. त्यावर नाव, चार शब्द आणि फोन नंबर एवढंच मावतं. बोर्ड करताना मराठी देवनागरीत आणि इतर लिपींपेक्षा लहान नसलेली हवी, ही राज्याची अट आहेच. म्हणून ओळ मराठीतच सुचायला हवी. इंग्रजीत ठरवून मराठीत आणलेली ओळ बोर्डावर लगेच ओळखू येते.

फोनवर ओळ म्हणून पाहा. "आधी हिशोब, मग प्रवास" फोन उचलताना कंपनीच्या नावामागून सहज येते. आधी-मगचा हा ठेका मराठी कानाला जुना आहे. सिंहगड रोज दिसणाऱ्या शहरात "आधी लगीन कोंढाण्याचं" कुणाला शिकवावं लागत नाही. "निघताना जो आकडा, पोहोचल्यावर तोच" मात्र फोनवर म्हणताना जीभ अडखळते, ती लिहिलेलीच बरी वाटते.

नोंदणीचाही विचार करत असाल तर थोडक्यात: सेवेचं नुसतं वर्णन करणाऱ्या शब्दांना ट्रेडमार्क कायदा सहसा नोंदणी देत नाही. त्यामुळे "स्वच्छ गाडी, नम्र चालक" इथे सर्वांत कमकुवत आहे. पण उरलेल्या ओळींनाही नोंदणी सहज मिळेल असं समजू नका. नाव नोंदवा, ओळीवर पैसे घालवू नका.

कुणी कोणती घ्यावी

किलोमीटरवर बिल करणाऱ्यांनी "आधी हिशोब, मग प्रवास" घ्यावी, आणि ती घेण्याआधी दरपत्रक दुरुस्त करावं. दिवस कसा मोजता, किमान किलोमीटर किती, गॅरेजपासून मोजता की गिऱ्हाइकाच्या दारापासून, रात्र किती वाजता सुरू होते, हे चार मुद्दे बुकिंगच्या पहिल्याच मेसेजमध्ये रकमेसकट यायला हवेत. ओळ शोभते की नाही ते तपासायचा सोपा मार्ग आहे. मागच्या महिन्यातली बिलं काढा आणि बुकिंगच्या वेळचे मेसेज शेजारी ठेवा. ज्या बिलात वाढ झाली, तिथे वाढीच्या आधीचा मेसेज सापडतो का ते पाहा. बऱ्याच ठिकाणी सापडत नसेल तर बोर्ड महिनाभर थांबवा आणि आधी मेसेजची सवय लावा.

"निघताना जो आकडा, पोहोचल्यावर तोच" ही ओळ वाईट नाही. ती दुसऱ्या व्यवसायाची आहे. एका दिवसात शिर्डी जाऊन येणं, मुंबई विमानतळाचा वन-वे ड्रॉप, भीमाशंकर दर्शन अशा ठरलेल्या मार्गांवर टोलसकट पॅकेज विकणाऱ्याला ती घट्ट बसते. तिथे रस्ता ठाऊक, नाके ठाऊक, वेळ ठाऊक. वाढायला जागा असते ती फक्त थांबण्याच्या तासांत. तेवढी एक मर्यादा आकड्याच्या शेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा: "रात्री दहापर्यंत." दोन्ही प्रकारचं काम करत असाल तर बोर्डावर "आधी हिशोब" ठेवा आणि पॅकेजच्या पत्रकावर "तोच आकडा" छापा. उलटं केलंत तर कोल्हापूरचं गिऱ्हाईक शिर्डीच्या वचनावर बिल भरायला बसेल.